पाण्याच्या अहवालातला टक्का

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, आणि टक्का म्हणजे शंभर भागांत किती भाग. मोजायची गोष्ट एकच. एका मापात वाटणी शंभरात होते, दुसऱ्यात दहा लाखांत. शंभराला दहा हजारांनी गुणले की दहा लाख होतात. म्हणून एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम, आणि पीपीएमचा टक्का काढायचा तर आकड्याला दहा हजारांनी भागायचे. बोअरवेलच्या किंवा नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल घरी आला की लागणारे गणित एवढेच. ते शाळकरी मुलालाही जमते. गोंधळ सुरू होतो तो भागाकार झाल्यावर, कारण अहवालातल्या प्रत्येक ओळीला हा भागाकार लागू पडत नाही, आणि जिथे पडतो तिथेही हाती आलेला टक्का वाचणाऱ्याची सहज दिशाभूल करतो.

दहा लाख हा आकडा डोळ्यांपुढे आणायला गच्चीवरची हजार लिटरची टाकी पुरते. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलो, म्हणजे हजार ग्रॅम. हजार लिटरचे वजन हजार किलो, म्हणजे बरोबर दहा लाख ग्रॅम. तेव्हा भरलेल्या टाकीत एक ग्रॅम कोणताही पदार्थ विरघळला की त्याचे प्रमाण एक पीपीएम झाले. त्याच टाकीत एक टक्का प्रमाण आणायचे तर दहा किलो पदार्थ ओतावा लागेल. अहवालात नायट्रेटपुढे ६२ लिहिले असेल, तर तेवढ्या मोठ्या टाकीत ६२ ग्रॅम नायट्रेट आहे असे समजायला हरकत नाही. दहा किलो आणि ६२ ग्रॅम ही दोन वजने शेजारी ठेवली की टक्क्याच्या आकड्यात दशांश चिन्हानंतर एवढी शून्ये का येतात ते कळते.

बहुतेक अहवालांत पीपीएम हा शब्द छापलेलाच नसतो. एककाच्या रकान्यात ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ असते. पिण्याच्या पाण्यापुरते ही दोन्ही एककेही एकच धरतात, आणि त्यामागचे कारण वर आलेच आहे: लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, एक किलो म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. उन्हाळ्यात पाणी थोडे प्रसरण पावते आणि तीस अंश तापमानाला लिटरचे वजन ९९६ ग्रॅमच्या आसपास भरते. पण या फरकाने अहवालाचा निष्कर्ष बदलत नाही. समुद्राच्या पाण्याचे तसे नाही. त्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५,००० पीपीएम किंवा साडेतीन टक्के. ते पाणी जड असल्यामुळे लिटरमागे मोजले तर आकडा ३६ ग्रॅमच्या जवळ जातो. तिथे एकक कोणते आहे ते पाहावे लागते. घरच्या पाण्यासाठी एवढी काळजी नको.

आर्सेनिक, शिसे, पारा यांसारख्या धातूंच्या ओळीत काही प्रयोगशाळा मायक्रोग्रॅम प्रति लिटर किंवा पीपीबी हे एकक वापरतात. पीपीबी म्हणजे अब्जात किती भाग, म्हणजे पीपीएमचा हजारावा हिस्सा. १० पीपीबी म्हणजे ०.०१ पीपीएम. आधी हजारांनी भागून पीपीएम करावे, मग टक्क्याकडे वळावे. एकाच अहवालात एका ओळीला मिलिग्रॅम आणि खालच्या ओळीला मायक्रोग्रॅम असू शकते, म्हणून आकड्याआधी एककाचा रकाना वाचण्याची सवय बरी.

आता एक अहवाल समोर ठेवू. शहराबाहेरच्या एका बंगल्याच्या बोअरवेलचा नमुना तपासला आहे असे समजा. विरघळलेले एकूण क्षार, म्हणजेच टीडीएस, ८४०. कठीणपणा ४८०. क्लोराइड २१०. नायट्रेट ६२. फ्लोराइड १.२. हे सारे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. सामू ७.६. गढूळपणा २ एनटीयू. कोलिफॉर्म जंतू आढळले. आर्सेनिकपुढे आकडा नाही, फक्त ‘शोधमर्यादेखाली’ असा शेरा आहे.

नायट्रेटपासून सुरुवात करू. ६२ ला दहा हजारांनी भागायचे म्हणजे दशांश चिन्ह चार घरे डावीकडे सरकवायचे. ६२ च्या उजवीकडे चिन्ह आहे असे धरले, तर एक घर सरकल्यावर ६.२, दुसरे घर ०.६२, तिसरे ०.०६२, चौथे ०.००६२. उत्तर ०.००६२ टक्के. पडताळा उलट बाजूने घेता येतो: ०.००६२ ला दहा हजारांनी गुणले की ६२ परत मिळायला हवेत. याच रीतीने टीडीएस ०.०८४ टक्के आणि फ्लोराइड ०.०००१२ टक्के. नेहमीची चूक म्हणजे दहा लाखांनी भागणे. तसे केल्यावर मिळणारा ०.००००६२ हा आकडा चुकीचा नसतो, पण तो टक्का नसून नुसता अंश असतो. टक्का करायला त्याला पुन्हा शंभराने गुणावे लागते. हे गुणणे विसरले की पाणी कागदावर शंभर पटींनी स्वच्छ होते.

संगणकावर हीच चूक उलट्या दिशेने होते. स्प्रेडशीटमध्ये नायट्रेटचा आकडा B2 या चौकटीत असेल, तर पुढचे सूत्र पुरेसे आहे:

```
=B2/10000
```

उत्तर ०.००६२ येते आणि तेच टक्क्यातले उत्तर असते. पण चौकट अधिक शोभिवंत दिसावी म्हणून कोणी वरच्या पट्टीतले % हे बटण दाबले, की प्रोग्रॅम त्या आकड्याला आपणहून शंभराने गुणतो आणि चौकटीत ०.६२ टक्के दिसू लागते. बटण वापरायचेच असेल तर दहा लाखांनी भागावे. शिवाय दशांशानंतर दोनच स्थळे दाखवायची सवय या प्रोग्रॅमना असते, त्यामुळे ०.००६२ चे ०.०१ होते आणि फ्लोराइडचे सरळ ०.००. पाण्यात फ्लोराइड नाहीच असा समज व्हायला तेवढे पुरते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरचा खोडसाळपणा वेगळा. ०.०१ ला दहा हजारांनी भागले की काही कॅल्क्युलेटर `1E-6` असे उत्तर दाखवतात. त्याचा अर्थ एक नव्हे. एकातले दशांश चिन्ह सहा घरे डावीकडे न्यायचे, म्हणजे ०.०००००१.

अहवालातल्या काही ओळींना मात्र हा भागाकार लावायचाच नसतो. सामू हे आम्लतेचे मोजमाप. त्यात कशाचेही वजन मोजलेले नसते, म्हणून ७.६ सामूचा टक्का होत नाही. गढूळपणा पाण्यातून प्रकाश किती विखुरतो यावरून ठरतो. कोलिफॉर्मची संख्या शंभर मिलिलिटर नमुन्यात जंतू किती याची असते, आणि भारतीय मानकानुसार ती त्या नमुन्यात शून्य असावी लागते. या तिन्ही ओळी तशाच वाचायच्या. आर्सेनिकपुढचा ‘शोधमर्यादेखाली’ हा शेरा म्हणजेही शून्य नव्हे. प्रयोगशाळेचे यंत्र ज्या प्रमाणाखालचे मोजू शकत नाही, त्या प्रमाणापेक्षा नमुन्यात कमी आढळले, एवढेच तो सांगतो. ती शोधमर्यादा किती हे अहवालात दिलेले असावे. नसेल तर प्रयोगशाळेला विचारावे. मर्यादाच मानकापेक्षा जास्त असेल, तर त्या ओळीने काहीच सिद्ध होत नाही.

कठीणपणाची ओळ फसवी असते, कारण तिच्यापुढे मिलिग्रॅमच लिहिलेले असते. पण बारकाईने पाहिले तर शेजारी ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ असे शब्द दिसतात. पाण्याला कठीणपणा येतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. दोघांचा परिणाम एकाच पट्टीवर मोजता यावा म्हणून रसायनतज्ज्ञ असे धरतात की हा सगळा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटमुळेच आला. म्हणजे ४८० हे मानलेले वजन आहे, जसे व्यवहारात सोन्याच्या भावाने घराची किंमत सांगावी. कठीणपणा सगळा कॅल्शियमचा असेल, तर त्या पाण्यात प्रत्यक्षात कॅल्शियम १९२ मिलिग्रॅम असेल, कारण कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियमचा वाटा शंभरात चाळीस. तेव्हा ‘या पाण्यात ०.०४८ टक्के चुना आहे’ हे विधान गणिताने बरोबर दिसले तरी खरे नाही.

नायट्रेटच्या ओळीतही असेच एक उपवाक्य दडलेले असू शकते. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ मोजून लिहितात, काही ‘नायट्रेट, नायट्रोजन म्हणून’ असे लिहितात. नायट्रेटच्या रेणूत एक नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन असतात. त्याचे वजन ६२ धरले तर त्यात नायट्रोजनचा वाटा फक्त १४. म्हणून वरच्याच बोअरवेलचे पाणी दुसऱ्या पद्धतीने लिहिले तर आकडा ६२ ऐवजी १४ येईल, आणि टक्का ०.००६२ ऐवजी ०.००१४. पाणी तेच, दोष तोच. भारतीय मानकाची मर्यादा नायट्रेटच्या रूपात ४५ आहे, तर अमेरिकेत ती नायट्रोजनच्या रूपात १० आहे. दोन्ही जवळजवळ एकच. परदेशातल्या नातेवाइकाने आपल्याकडची मर्यादा दहा असल्याचे सांगितले आणि इथल्या अहवालात ६२ पाहिले, की सहा पट दोष असल्याची हाकाटी होते. उलट १४ हा आकडा ४५ शी ताडून पाहणारा निर्धास्त होतो, आणि ही चूक जास्त महागात पडते. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो.

आणखी एक मोह बेरजेचा. सगळ्या ओळींचे टक्के काढून झाले की पाण्यात एकूण अशुद्धी किती हे पाहावेसे वाटते. ८४०, ४८०, २१०, ६२ यांची बेरीज १,५९२ होते, म्हणजे ०.१५९ टक्के. ही बेरीज चुकीची आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्यांची एकत्र मोजणी. क्लोराइड, नायट्रेट, कॅल्शियम हे त्यातच आलेले असतात. घरखर्चाच्या वहीत महिन्याच्या एकूण खर्चात किराणा आणि दूध पुन्हा मिळवल्यासारखे ते होते. विरघळलेल्या पदार्थांचा एकूण टक्का हवाच असेल तर टीडीएसची एकच ओळ घ्यावी: ०.०८४.

त्या ओळीविषयीही एक गोष्ट माहीत असावी. प्रयोगशाळा टीडीएस मोजताना नमुना गाळून, आटवून, उरलेला साका तोलू शकते. पण फिल्टर विकायला आलेला माणूस पेल्यात जी पेनसारखी नळी बुडवतो, ती काहीही तोलत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते ती मोजते आणि त्या आकड्याला ठरावीक गुणकाने गुणून पीपीएम दाखवते. हा गुणक साधारण ०.५ ते ०.७ यांच्यामध्ये कुठेतरी धरलेला असतो, त्यामुळे दोन कंपन्यांची पेने एकाच पेल्यात वेगळे आकडे दाखवू शकतात. स्वयंपाकघरात याची परीक्षा घेता येते. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मीठ, म्हणजे हजार पीपीएम किंवा ०.१ टक्का, विरघळवले की पेनचा आकडा उसळी घेतो. दुसऱ्या लिटरमध्ये चमचाभर साखर विरघळवली तर तो जवळजवळ हलत नाही, कारण साखरेचे द्रावण वीज वाहून नेत नाही. साखरेचे पाणी पेनला दिसत नाही, तसेच जंतूही दिसत नाहीत. आर्सेनिक घातक होईल एवढे असले तरी त्याने आकड्यात पडणारा फरक नजरेत भरत नाही.

एवढे सगळे सांभाळून टक्का बरोबर काढला, तरी त्याचे करायचे काय हा प्रश्न उरतो. ०.००६२ टक्के हे वाचून बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘मग काहीच नाही की’ अशी असते. दुधातले फॅट, बँकेचे व्याज, परीक्षेचे गुण यांवरून टक्क्याची जी जाण तयार झालेली असते तिच्यात एकाहून लहान टक्का नगण्य असतो. पिण्याच्या पाण्यात मात्र जवळजवळ सगळेच टक्के एकाहून कितीतरी लहान असतात, आणि त्यातले काही तब्येत बिघडवायला पुरेसे असतात. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. टक्क्यात ती ०.०००००१. दहा लाख रुपयांच्या रकमेत एक पैसा, एवढे हे प्रमाण. त्याच्या पाच पट आर्सेनिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पिणे धोक्याचे असते, आणि तरीही टक्क्यात ते ०.०००००५ च राहते.

फ्लोराइडची गोष्ट महाराष्ट्राच्या जवळची आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या भूजलात ते जास्त आढळते आणि दात पिवळे-तपकिरी पडणे, पुढे हाडे आखडणे हे त्याचे परिणाम तिथल्या लोकांनी पाहिलेले आहेत. मानकातली स्वीकार्य मर्यादा १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा १.५. टक्क्यात ०.०००१ आणि ०.०००१५. दुसरीकडे, दात घासायच्या कित्येक पेस्टवर १,००० पीपीएम फ्लोराइड असल्याचे छापलेले असते, म्हणजे ०.१ टक्का. नुसते टक्के ताडले तर पेस्ट पाण्याहून शेकडो पट घातक ठरेल. पण पेस्ट वाटाण्याएवढी घेतात आणि थुंकून टाकतात. पाणी दिवसाला दोन-तीन लिटर पोटात जाते, तेही आयुष्यभर. शरीरावरचा परिणाम रोज पोटात जाणाऱ्या मिलिग्रॅमवर ठरतो. १.५ मिलिग्रॅमचे पाणी दिवसाला तीन लिटर प्यायले तर साडेचार मिलिग्रॅम फ्लोराइड आत गेले. हे गणित मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आकड्यातून थेट होते, टक्क्यातून वळसा घेऊन करावे लागते. प्रयोगशाळा टक्का छापत नाहीत त्यामागे हेही एक कारण आहे.

घरच्या माणसाला खरे तर वेगळाच टक्का हवा असतो: मर्यादेच्या किती टक्के. त्यासाठी दहा हजारांनी भागायचे नसते. अहवालातल्या आकड्याला मर्यादेच्या आकड्याने भागून शंभराने गुणायचे. नायट्रेट ६२, मर्यादा ४५; ६२ भागिले ४५ गुणिले १०० म्हणजे सुमारे १३८. पाणी मर्यादेच्या १३८ टक्क्यांवर आहे, म्हणजे ३८ टक्के जास्त. नायट्रेटच्या मर्यादेत भारतीय मानक कोणतीही सवलत देत नाही, तेव्हा हा निकाल सरळ नापासाचा. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी असे पाणी विशेष वाईट, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटू शकते. उकळून ते कमी होत नाही. उलट लिटरभर पाणी उकळून ८०० मिलिलिटर उरले, तर पाणी वाफेत गेले आणि नायट्रेट तेवढेच राहिले. प्रमाण ६२ वरून ७७ च्या पुढे जाते.

मर्यादेच्या तुलनेतला टक्का काढताना मर्यादा कोणती घेतली ते सांगावे लागते. बंगल्याच्या टीडीएसचा आकडा ८४०. स्वीकार्य मर्यादा ५०० धरली तर पाणी १६८ टक्क्यांवर; पर्यायी स्रोत नसताना चालणारी २,००० ची मर्यादा धरली तर ४२ टक्क्यांवर. एकाच पाण्याविषयी दोन्ही विधाने बरोबर आहेत, आणि फिल्टर विकणारा पहिले सांगतो, बोअर मारणारा दुसरे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यात खाऱ्या विहिरींशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ असल्यामुळे तिथे दोन मर्यादांमधला हा फरक कागदापुरता उरत नाही.

तिसऱ्या प्रकारचा टक्का आरओ यंत्राच्या जाहिरातीत भेटतो. ‘९० टक्के क्षार काढते’ म्हणजे आत आलेल्या क्षारांपैकी ९० टक्के. ८४० पीपीएमचे पाणी आत गेले आणि ८४ चे बाहेर आले, तर दावा खरा. पाण्यातला टक्का मात्र ०.०८४ वरून ०.००८४ झाला, वजाबाकी केली तर उत्तर ०.०७५६ येते. इथे ‘टक्का तर एक दशांशानेही कमी झाला नाही’ म्हणून यंत्र परत करू नये. एका आकड्यात शंभर म्हणजे सगळे पाणी, दुसऱ्यात शंभर म्हणजे आत आलेले सगळे क्षार. टक्क्याचे कोणतेही विधान ऐकले की ‘कशाचे शंभर?’ हे विचारले, तर वरच्या तिन्ही टक्क्यांची सरमिसळ होत नाही. टीडीएसचे ९० टक्के काढणारे यंत्र नायट्रेटचेही ९० टक्के काढेलच असे नसते. आरओच्या पडद्यातून नायट्रेट इतर कित्येक क्षारांपेक्षा जास्त निसटते. म्हणून यंत्र बसवल्यावर पेनऐवजी बाहेर आलेल्या पाण्यातले नायट्रेट पुन्हा तपासून घ्यावे.

पीपीएम आणि टक्का यांचे रूपांतर ज्या ठिकाणी खरोखर उपयोगी पडते ते काम अहवालाच्या शेवटच्या ओळीशी जोडलेले आहे: कोलिफॉर्म आढळले. उपाय म्हणून टाकीत क्लोरीन घालायचे. गावोगावच्या ग्रामपंचायतींत याला टीसीएल पावडर म्हणतात. पावडरच्या पिशवीवर क्लोरीनचे प्रमाण टक्क्यात असते, चांगल्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के. पाण्यातली मात्रा मात्र पीपीएममध्ये सांगतात. दोन भाषांची गाठ इथे पडते. हजार लिटरच्या टाकीत २ पीपीएम क्लोरीन हवे असेल, तर वर पाहिल्याप्रमाणे २ ग्रॅम क्लोरीन लागेल. पावडरीत क्लोरीन शंभरात ३३, म्हणजे एक तृतीयांश. तेव्हा पावडर सहा ग्रॅम. दोन ग्रॅमच पावडर टाकली तर पाण्यात पीपीएम दोन न होता जेमतेम दोन तृतीयांश होईल, आणि गढूळ किंवा दूषित पाण्यात ते घाणीशी झुंजण्यातच संपेल.

पिशवीवरचा ३३ हा आकडा पिशवी उघडल्या दिवसापुरताच खरा धरावा. टीसीएल हवेतल्या दमटपणाने आणि उन्हाने उतरत जाते. पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर त्याच दोन ग्रॅम क्लोरीनसाठी दहा ग्रॅम लागेल. घरी हे कळायचा मार्ग एकच: पावडर थोड्या पाण्यात कालवून, साका खाली बसू देऊन वरचे पाणी टाकीत सोडायचे, अर्धा तास थांबायचे आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची. नळीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर येणारा पिवळा रंग पट्टीवरच्या रंगाशी जुळवून पाहतात. नळाला किमान ०.२ पीपीएम मोकळे क्लोरीन उरलेले असावे, अशी मानकाची अपेक्षा आहे. टक्क्यात ते ०.००००२ होते, आणि पट्टीवर तो फिकट पिवळा रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो. रंग आलाच नाही तर पावडर उतरलेली आहे किंवा पाण्यातल्या घाणीने क्लोरीन खाल्ले आहे. थोडी मात्रा वाढवून पुन्हा पाहावे लागते.

बंगल्याच्या बोअरवेलला हा उपाय केल्यावर पुढच्या अहवालात कोलिफॉर्मची ओळ बदलायला हवी. नायट्रेटच्या ओळीत मात्र पुन्हा ६२ च्या आसपासचाच आकडा येईल, कारण क्लोरीनने नायट्रेट कमी होत नाही.